माल घट्ट की पातळ?

घराचे बांधकाम चालू असते तेव्हा मालकाचा डोळा सिमेंटच्या बॅगांवर असतो. किती आल्या, किती फुटल्या, रात्रीतून एखादी गायब तर झाली नाही ना, याचा हिशोब वहीत लिहिला जातो. वाळूचा ब्रास मोजून घेतला जातो. पाण्याच्या पिंपाकडे मात्र कोणी बघत नाही, कारण पाणी फुकटचे. गवंडी वरून ओरडतो, ‘माल घट्ट झाला, पाणी टाक’, आणि बिगारी अर्धी बादली ओततो. बॅगेत पैसे घालून जो कस विकत घेतलेला असतो, त्यातला बराचसा त्या अर्ध्या बादलीत वाहून जातो.

हे नीट समजण्यासाठी एकच भिंत घेऊ. तालुक्याच्या गावी बांधले जाणारे साधे घर, त्यातली दहा फूट लांब, दहा फूट उंच, नऊ इंची विटांची भिंत. ती बांधायची आहे, आतून आणि बाहेरून गिलावा करायचा आहे. तिन्ही कामांना सिमेंट, वाळू आणि पाणी हेच लागते, पण प्रमाण तिन्हींचे वेगळे.

बांधकामाला साधारण १:६ चा माल चालतो, म्हणजे एक माप सिमेंट आणि सहा मापे वाळू. ऐकणाऱ्याला हे कमी वाटते. ‘आपल्या घराला एकास चार घाला, दोन बॅगा जास्त गेल्या तरी चालतील’ असे सांगणारे मालक मी पाहिले आहेत. त्यात हेतू चांगला असतो, पण पैसे वाया जातात. नीट कालवलेला १:६ चा माल २८ दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला ३ न्यूटनच्या आसपास दाब सोसतो, १:५ चा साधारण ५. आपल्याकडच्या भट्टीच्या साध्या विटेची ताकदही बहुतेक वेळा ३.५ च्या घरातलीच असते. वीट जेवढी, तेवढाच सांधा असला की पुरे. सांधा विटेपेक्षा फार कडक केला तर भिंतीला मोठा फायदा होत नाही. उलट पाया थोडा बसला, उन्हाने भिंत थोडी ताणली, तर नरम सांध्यात जी हालचाल बारीक केसांएवढ्या चिरांत जिरून गेली असती, ती विटा फोडत जाते. सांध्यातली भेग भरता येते. फुटलेल्या विटेचे काही करता येत नाही.

साडेचार इंची भिंतीचे गणित निराळे. खोल्यांमधली ती पातळ आडभिंत एका विटेच्या जाडीवर उभी असते, धक्क्याने हलू शकते, म्हणून तिला १:४ चा माल घालतात आणि तीन-चार फुटांवर काँक्रीटचा पट्टा देतात. आपल्या नऊ इंची भिंतीला त्याची गरज नाही.

गिलाव्याकडे वळले की विचारच बदलतो. गिलाव्यावर वजन येत नाही. त्याला भिंतीला चिकटून राहायचे असते, पाऊस आणि ऊन अंगावर घ्यायचे असते आणि पातळ असूनही तडकायचे नसते. आतल्या बाजूला अर्ध्या इंचाचा, म्हणजे १२ मिलिमीटरचा, एक थर १:५ किंवा १:६ चा पुरतो. बाहेरच्या बाजूला पाऊण इंचाच्या वर, म्हणजे २० मिलिमीटरचा गिलावा दोन थरांत करतात, १:४ चा. स्लॅबच्या खालच्या बाजूला काँक्रीट गुळगुळीत असते आणि माल वरून खाली लोंबतो, म्हणून तिथे टाचे मारून पृष्ठभाग खडबडीत करायचा आणि माल १:४ किंवा १:३ चा घ्यायचा.

बाहेरच्या गिलाव्यात सिमेंट जास्त का? वाळूच्या ढिगात जवळपास तिसरा हिस्सा पोकळ जागा असते, दाण्यादाण्यांमधली. एका मापाला तीन मापे वाळू घेतली तर सिमेंट या जागा जेमतेम भरून काढते. १:६ मध्ये त्या पुऱ्या भरत नाहीत आणि काही छिद्रे राहतात. भिंतीच्या आत ती राहिली तरी बिघडत नाही, पण पश्चिमेकडून तिरका पाऊस मारणाऱ्या भिंतीवर त्याच छिद्रांतून ओल आत येते. मग बाहेर सरळ १:३ का नको? कारण सिमेंट सुकताना आकसते, आणि सिमेंट जितके जास्त तितका गिलावा जास्त आकसतो. १:३ चा पाऊण इंची थर उन्हात सुकला की त्यावर सुकलेल्या तळ्याच्या तळाला पडतात तशा भेगा पडतात आणि पाणी मग छिद्रांऐवजी भेगांतून आत शिरते. १:४ हा या दोन संकटांमधला तडजोडीचा आकडा आहे. दोन थरांच्या गिलाव्यात एक पथ्य पाळावेच लागते: वरचा थर खालच्यापेक्षा कडक नको. खाली १:६ आणि वर १:३ केले तर वरचा थर आकसताना खालच्या कच्च्या थराला ओढून घेऊन सुटतो.

आता आपल्या भिंतीचा हिशोब. ७५ घनफूट बांधकाम. त्याला १:६ च्या मालासाठी पावणेतीन बॅगांच्या आसपास सिमेंट आणि साधारण २० घनफूट वाळू लागते. आतला १:५ चा गिलावा एका बॅगेपेक्षा थोडा कमी खातो. बाहेरचा १:४ चा गिलावा एकटाच दीड बॅगेहून जास्त. म्हणजे नऊ इंच जाडीच्या अख्ख्या भिंतीला जितके सिमेंट लागते, त्याच्या निम्म्याहून अधिक बाहेरच्या पाऊण इंचात जाते. सिमेंट वाचवायचे असेल तर ते भिंत ओळंब्यात बांधून वाचते, कारण भिंत वाकडी असली की गिलाव्याची जाडी वाढते. एकास सहाचे एकास आठ करून वाचवलेले सिमेंट पुढे डागडुजीत जाते.

कागदावर १:६ लिहिले तरी कामावर ते ठरते घमेल्यात. एका ५० किलोच्या बॅगेतले सिमेंट साधारण ३५ लिटर जागा घेते. शासकीय कामांवर लाकडी किंवा पत्र्याचा फर्मा असतो, ३५ बाय २५ बाय ४० सेंटिमीटरचा. त्यात एक बॅग बरोबर मावते, म्हणून तोच फर्मा सहा वेळा वाळूने भरला की हिशोब झाला. खासगी कामावर फर्मा दिसतच नाही. तिथे घमेले असते, आणि सपाट भरलेले घमेले व शीग लावून भरलेले घमेले यांत चौथाई भागाचा फरक सहज पडतो. सकाळी ताजा असलेला बिगारी शीग लावून भरतो, दुपारी दमलेला बिगारी सपाट. एकाच भिंतीचे खालचे आणि वरचे थर वेगळ्या प्रमाणाचे होतात. साइटवर सगळ्यात कमी रोज मिळवणाऱ्या माणसाच्या हातात घराचे प्रमाण असते आणि त्याला ते कोणी नीट सांगितलेले नसते.

घमेल्याचा फरक डोळ्यांना दिसतो तरी. ओल्या वाळूचा दिसतही नाही. वाळू थोडी ओली असली की प्रत्येक दाण्याभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा बसतो, दाणे एकमेकांपासून दूर ढकलले जातात आणि वाळू फुगते. पाच टक्क्यांच्या आसपास ओल असताना ती पंचवीस टक्के फुगू शकते, बारीक वाळू त्याहूनही जास्त. गंमत अशी की वाळू पूर्ण पाण्यात बुडवली तर हा फुगवटा जातो आणि ती पुन्हा कोरडीएवढीच जागा घेते. याचीच चाचणी करता येते. सरळ बाजूंच्या काचेच्या बरणीत ओली वाळू न दाबता २० सेंटिमीटर उंच भरा. ती काढून बरणी अर्धी पाण्याने भरा, वाळू परत घाला, काडीने ढवळा आणि बसू द्या. आता उंची १६ सेंटिमीटर आली तर समजायचे की वाळू पंचवीस टक्के फुगलेली होती.

अशा वाळूची सहा मापे घेतली तर प्रत्यक्षात वाळू येते ४.८ मापे. आपण समजतो १:६, होते जवळपास १:५. गिलाव्यात १:४ चे १:३.२ होते, आणि ज्या भेगा टाळण्यासाठी १:४ निवडले त्या पावसाळ्यात हमखास पडतात. यातली दुसरी गोष्ट आणखी वाईट. या वाळूत प्रत्येक बॅगेमागे बारा-तेरा लिटर पाणी आधीच लपलेले असते, म्हणजे जवळजवळ एक बादली. बिगारी मात्र उन्हाळ्यात घालायचा तेवढ्याच बादल्या घालतो. माल पातळ होतो आणि दोष जातो सिमेंटच्या कंपनीला.

सिमेंटला पाणी किती लागते? पाण्याशी संयोग होऊनच सिमेंट घट्ट होते. त्या संयोगासाठी सिमेंटच्या वजनाच्या साधारण २३ टक्के पाणी लागते, आणि त्यातून तयार होणाऱ्या चिकट पदार्थाच्या सूक्ष्म छिद्रांत अडकून राहणारे आणखी १५ टक्के. एकूण ३८ टक्के. ५० किलोच्या बॅगेला १९ लिटर. पण १९ लिटरमध्ये एक बॅग सिमेंट आणि सहा बॅगांएवढी वाळू कालवून दाखवा. होणारच नाही. वाळूचा प्रत्येक दाणा भिजवावा लागतो, माल थापीवर पसरावा लागतो, वीट त्यात बसावी लागते. १:६ च्या मालाला एका बॅगेमागे निदान ४० लिटर पाणी लागते, वाळू बारीक किंवा क्रश सँडसारखी धारदार दाण्यांची आणि भुकटीची असली तर त्याहून जास्त. म्हणजे घट्टातला घट्ट, चांगल्या गवंड्याचा माल घेतला तरी त्यात सिमेंटला नको असलेले पाणी असतेच.

ते पाणी पुढे उडून जाते आणि ज्या जागेत ते होते ती जागा रिकामी राहते. एका बॅगेचा १:६ चा माल जवळपास २०० लिटर भरतो. त्यात दहा लिटर जास्तीचे पाणी ओतले म्हणजे पाच टक्के जास्तीची पोकळी आत पेरली. पाच टक्के ऐकायला थोडे वाटतात, पण त्या पोकळ्या सिमेंटच्याच पेस्टमध्ये असतात, दोन दाण्यांना धरून ठेवणाऱ्या जागी. वाळूचा दाणा कमकुवत होत नाही, त्याला धरणारा हात होतो. १९१८ साली शिकागोच्या लुइस इन्स्टिट्यूटमध्ये डफ अब्राम्स यांनी काँक्रीटच्या असंख्य चाचण्यांवरून हे मांडले की ताकद मुख्यतः पाणी आणि सिमेंट यांच्या गुणोत्तरावर ठरते आणि पाणी वाढत गेले की ती झपाट्याने घसरते. आजही काँक्रीटचे सगळे गणित त्यावरच उभे आहे.

पातळ मालाचे नुकसान एवढ्यावर थांबत नाही. घमेल्यात जड वाळू खाली बसते, सिमेंटचे पाणी वर येते. गवंडी वरचा माल आधी उचलतो, म्हणून एका विटेखाली नुसते सिमेंटचे पाणी आणि दुसरीखाली नुसती वाळू असे होते. गिलाव्यात पातळ माल भिंतीवर घसरतो, पोट धरतो. पाणी उडताना थर जास्त आकसतो आणि विटेपासून जागोजागी सुटतो.

इथे गवंड्याची बाजूही ऐकली पाहिजे. तो पाणी उगाच मागत नाही. कोरडी भाजकी वीट मालातले पाणी इतक्या वेगाने ओढून घेते की वीट ठेवून सरळ करेपर्यंत माल दगडासारखा होतो. मग ती ठोकूनही बसत नाही. गवंडी म्हणतो, माल पातळ कर. मालात पाणी ओतले तर कस जातो आणि न ओतले तर विटेने पाणी चोरल्याने सिमेंटचा संयोगच अपुरा राहतो. यावरचा उपाय विटेत आहे. हौदात किंवा पिंपात विटा बुडवून ठेवायच्या, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत, आणि काढून वरचे पाणी निथळले की वापरायच्या. पाइपने ढिगावर फवारा मारून भागत नाही, त्याने वरच्या ओळीच्या फक्त पाठी भिजतात. गिलाव्याआधी भिंतही अशीच भिजवायची, पण ती चकचकीत ओली नको, ओलसर हवी. सिपोरेक्सचे हलके ब्लॉक मात्र बुडवायचे नसतात, त्यांचा पृष्ठभाग नुसता ओला करायचा.

गवंडी पाणी मागतो त्यामागे दुसरेही कारण असते, आणि ते मजुरीचे. गिलावा चौरस फुटावर ठरलेला असतो. पातळ माल भराभर चढतो, हात कमी दुखतो, संध्याकाळी फूट जास्त भरतात. मालकाने दर पाडून घेतला असेल तर ती कसर कुठून तरी निघणारच.

जेवणाच्या सुट्टीचाही घोळ असतो. सकाळी अकराला दोन बॅगांचा माल एकदम कालवला, एक वाजता सगळे जेवायला बसले, दोनला उठून पाहिले तर ढीग घट्ट. बिगारी त्यावर बादली ओततो, फावड्याने उलटापालट करतो आणि माल पुन्हा मऊ होतो. दिसायला ताजा. पण तोपर्यंत सिमेंट आत जमू लागलेले असते. फावड्याने ते जुळलेले धागे तुटतात आणि नव्या पाण्याने ते पुन्हा तसे जुळत नाहीत. बांधकामाच्या मालाची भारतीय संहिता, आयएस २२५०, सांगते की पाणी घातल्यापासून दोन तासांच्या आत माल संपला पाहिजे. त्या दोन तासांत उन्हाने उडालेले पाणी थोडे घालून माल परत कालवला तर चालतो. त्यानंतर तो टाकूनच द्यायचा. म्हणून कोरडे सिमेंट-वाळू हवे तेवढे एकत्र करून ठेवा, पाणी मात्र तासाभरात संपेल एवढ्याच भागात घाला.

गिलावा फार ओला झाला की गवंडी आणखी एक युक्ती करतो. कोरडे सिमेंट मुठीने भिंतीवर मारतो, ते पाणी शोषून घेते आणि रंधा छान फिरतो. मालकाला वाटते, वरून सिमेंटही घातले, माणूस चांगला आहे. प्रत्यक्षात कच्च्या थरावर अतिकडक कातडे चढलेले असते. दोन-तीन महिन्यांत त्यावर बारीक जाळीदार भेगा येतात आणि रंगाबरोबर त्याचे पोपडे निघतात. गिलावा ओला झाला असेल तर थांबावे, तो आपोआप ओढून येतो, मग रंधा मारावा.

माल योग्य आहे हे ओळखायला यंत्र लागत नाही. थापीवर माल घेऊन थापी किंचित तिरकी केली तर तो सरकू नये, आणि वीट ठेवून हाताने दाबली तर सांध्यातून थोडा बाहेर यावा पण भिंतीवरून ओघळू नये. ढिगाच्या कडेने पाणी सुटताना दिसले तर पाणी जास्त झाले. आणि वाळू मातकट असली तर या सगळ्यावर पाणी पडते, कारण माती पाणी पिते आणि दाण्यावर सिमेंट बसू देत नाही. बरणीत वाळू आणि पाणी हलवून तीन तास ठेवा. वर बसलेला गाळाचा थर आकारमानाने आठ टक्क्यांच्या वर गेला तर ती वाळू धुतल्याशिवाय वापरू नका.

मालात नको असलेले पाणी बांधून झाल्यावर मात्र हवे असते. सिमेंट एकदा जमले की वरून मारलेल्या पाण्याने पोकळ्या वाढत नाहीत. उलट आत अजून शिल्लक असलेले सिमेंट त्या पाण्याने फुलते आणि पोकळ्या भरत जाते. बांधकामावर आणि गिलाव्यावर दुसऱ्या दिवसापासून निदान सात दिवस पाणी मारायचे. हल्ली बहुतेक बॅगांवर पीपीसी लिहिलेले असते. त्यात राख मिसळलेली असल्याने ते सावकाश कस धरते, त्याला दहा ते चौदा दिवस द्यावेत.

पुट्टी आणि रंग लागण्याआधी, आणि कंत्राटदाराला शेवटचा हप्ता देण्याआधी, एक खिळा आणि एक लाकडी दांडका घेऊन घरभर फिरा. पाणी मारून पंधरा-वीस दिवस झालेल्या सांध्यावर खिळ्याने ओरखडा काढा. पांढुरकी रेघ उमटली तर ठीक, वाळू भुरभुर गळू लागली तर माल पातळ किंवा शिळा होता. गिलाव्यावर दांडक्याने टकटक करा आणि जिथे पोकळ वाजेल तिथे खडूने गोल काढा. तेवढा भाग तोडून, भिंत भिजवून पुन्हा करून घ्या. पुट्टी लागल्यावर हे काहीच दिसत नाही आणि दुरुस्तीचा खर्च तुमच्याकडे येतो.